इन कॅमेरा सुनावणी

न्यायालयाच्या बातमीत ‘सुनावणी इन कॅमेरा झाली’ असे वाक्य आले, तर त्याचा अर्थ ती सुनावणी त्रयस्थांना बाहेर ठेवून, बंद दाराआड झाली असा होतो. तिचे चित्रीकरण झाले असा अर्थ त्यातून निघत नाही. हा शब्दप्रयोग मूळ लॅटिन भाषेतला असून त्या भाषेत ‘कॅमेरा’ म्हणजे खोली किंवा दालन. न्यायाधीशांचे ‘चेंबर’ आणि पोर्तुगीजांच्या संपर्कातून आपल्याकडे रुळलेला ‘कमरा’ हे दोन्ही शब्द त्याच कुळातले आहेत. छायाचित्रे काढणाऱ्या यंत्रालाही ते नाव ‘अंधारी खोली’ या अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीवरून पडले.

मराठी वाचकाचा गोंधळ होतो तो त्याच्या अज्ञानामुळे नव्हे. आपल्या वृत्तपत्रांत हाच शब्दप्रयोग नेमक्या उलट अर्थानेही छापला जातो. संशयास्पद मृत्यूच्या बातमीत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन करण्यात आले’ असे वाक्य येते, तेव्हा शवविच्छेदनाचे व्हिडिओ चित्रीकरण केले, असे सांगायचे असते. पंचनामा किंवा मतमोजणी ‘इन कॅमेरा’ झाली, असे लिहितानाही तोच अर्थ अभिप्रेत असतो. म्हणजे एका ठिकाणी हे दोन शब्द पुरावा जपून ठेवण्यासाठी येतात आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस लोकांच्या नजरेपासून जपण्यासाठी. ओळखण्याची सोपी खूण अशी की, वाक्यात सुनावणी, साक्ष, जबानी किंवा खटला असेल तर दार बंद होते असे समजावे. शवविच्छेदन, पंचनामा किंवा मोजणी असेल तर चित्रीकरण झाले असे समजावे. बातमीदाराने दुसऱ्या प्रकारात सरळ ‘चित्रीकरणासह’ असे लिहिले, तर हा घोटाळा उरणारच नाही.

भारतात न्यायालय खुले असणे हा नियम आहे. जागा असेल तोवर कोणीही नागरिक मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतो. इन कॅमेरा सुनावणी हा या नियमाला असलेला अपवाद आहे. काही खटल्यांत कायद्यानेच तो बंधनकारक केला आहे. बलात्काराच्या खटल्यांबाबतची तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६६ मध्ये आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यातील कलम ३७ नुसार विशेष न्यायालयाने खटला इन कॅमेरा आणि मुलाच्या आईवडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीच्या उपस्थितीत चालवायचा असतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे न्यायालय ओरोस येथे आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीतील तेरा वर्षांच्या मुलीची साक्ष तेथे पोक्सोखालील खटल्यात व्हायची आहे, असे समजू. सकाळी बोर्डावर इतर प्रकरणांबरोबर याही खटल्याचा क्रमांक असतो. जामिनाचे अर्ज, पुढच्या तारखा अशी किरकोळ कामे आधी उरकली जातात. मग खटल्याचा पुकारा होतो आणि न्यायाधीश दालन मोकळे करण्यास सांगतात. पट्टेवाला बाकांवरच्या लोकांना उठवतो. दुसऱ्या खटल्यांचे पक्षकार, त्यांचे वकील, वार्ताहर आणि आरोपीचे गाववाले असे सगळे व्हरांड्यात जातात आणि दार लोटले जाते.

आत उरतात ते न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील, कामकाज टिपणारे कर्मचारी, मुलगी, तिची आई आणि आरोपी. यातले शेवटचे नाव अनेकांना खटकते, पण ते महत्त्वाचे आहे. इन कॅमेरा म्हणजे आरोपीच्या अपरोक्ष नव्हे. आपल्याविरुद्धची साक्ष ऐकण्याचा आणि वकिलामार्फत उलटतपासणी करण्याचा त्याचा हक्क बंद दाराआडही अबाधित असतो. मात्र साक्ष देताना मुलीला तो दिसू नये, याची काळजी पोक्सोच्या कलम ३६ नुसार न्यायालयाने घ्यायची असते. त्यासाठी दोघांमध्ये पडदा लावतात, एकाच बाजूने दिसणारी काच वापरतात किंवा साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे घेतात. म्हणजे इन कॅमेरा सुनावणीत खरोखरचा कॅमेराही असू शकतो, पण त्याचे चित्र त्या खटल्याशी संबंधित माणसांपलीकडे जात नाही. प्रश्न विचारण्याची रीतही वेगळी आहे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलीला विचारायचे, असे कलम ३३ सांगते. त्यामुळे अंगावर येणारा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी गाळला जाण्याची एक संधी मिळते.

साक्ष नेहमीप्रमाणे नोंदली जाते आणि तिच्या प्रती दोन्ही बाजूंना मिळतात. सीलबंद लिफाफ्यापेक्षा ही पद्धत येथेच निराळी ठरते. लिफाफ्यातला मजकूर न्यायालय वाचते, समोरच्या पक्षाला मात्र तो कळत नाही. इन कॅमेरा सुनावणीत पक्षकारांपासून काही लपवलेले नसते. वगळलेले असतात ते फक्त त्रयस्थ.

या व्यवस्थेतला कच्चा दुवा दालनात नसून दाराबाहेर आहे. साक्ष संपवून मुलगी बाहेर येते तेव्हा व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक उभे असतील, तर आत पाळलेली सगळी गुप्तता त्या चार पावलांत संपते. या उणिवेवर उपाय म्हणून संवेदनशील साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारली जातात, जिथे साक्षीदाराचा येण्याजाण्याचा आणि थांबण्याचा भाग वेगळा ठेवलेला असतो. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात उभी करण्याच्या दिशेने निर्देश दिले.

दार बंद झाल्यावर वार्ताहराने काय लिहायचे, हा पुढचा प्रश्न. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ खालील इन कॅमेरा कामकाजाशी संबंधित कोणताही मजकूर न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय छापणे बेकायदा आहे. परवानगी मिळाली तरी पक्षकारांची नावे आणि पत्ते गुप्त राखावे लागतात. परवानगीशिवाय छापल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७३ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून इन कॅमेरा झालेल्या साक्षीची बातमी चारदोन ओळींचीच असते, आणि ती तशीच असायला हवी. मुलीने काय सांगितले, ती कुठे अडखळली, उलटतपासणीत काय निघाले असे तपशील एखाद्या बातमीत आले असतील, तर ती परवानगीने लिहिलेली तरी आहे किंवा कायदा मोडून तरी.

पीडितेची ओळख उघड न करण्याचे बंधन यापेक्षाही व्यापक आहे आणि कोकणात ते पाळणे विशेष अवघड आहे. पोक्सो कायद्याचे कलम २३ केवळ नावापुरते थांबत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार आणि ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील त्यात येतो. आता ‘देवगड तालुक्यातील बंदराजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या मच्छीमाराच्या आठवीत शिकणाऱ्या मुलीवर’ असे वाक्य घ्या. यात नाव नाही, गावही नाही. मुंबईच्या वाचकाला यातून काहीच कळणार नाही. पण तीसेक घरांच्या वाडीत आठवीत शिकणारी मुलगी एकच असते, आणि चतुर्थीला चाकरमानी गावी येईपर्यंत ती बातमी कोणाच्या घरची, हे पंचक्रोशीला ठाऊक झालेले असते. वाडी, वडिलांचा व्यवसाय आणि इयत्ता हे तपशील सुटे असताना निरुपद्रवी वाटतात, पण एकत्र आले की नाव छापल्यासारखेच होते. अशा वाक्यात तालुक्यापुढे जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. मोठ्या शहराच्या बातमीत चालून जाणारा तपशील आपल्याकडे चालत नाही.

याहून नाजूक प्रसंग आरोपी घरातलाच असतो तेव्हा येतो. सावत्र वडिलांचे नाव छापून मुलीचे नाव गाळण्याला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी आरोपीचे नावही वगळावे लागते आणि ‘नात्यातील व्यक्ती’ एवढे म्हटले तरी पुरते. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, छापील, दृक्‌श्राव्य किंवा समाजमाध्यम, कुठेही पीडितेचे नाव किंवा दुरूनही ओळख पटेल असा तपशील देता येणार नाही. गावच्या व्हॉट्सॲप गटावर नावासकट फिरणारा मजकूर याला अपवाद नाही.

घटस्फोटाच्या आणि तत्सम वैवाहिक दाव्यांतही दार बंद असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्या कायद्याखालील कामकाज इन कॅमेरा चालते. कौटुंबिक न्यायालयात दोहोंपैकी एका पक्षाने तशी इच्छा दर्शवली, तरी न्यायालयाला दार बंद करावेच लागते.

या ठरलेल्या प्रकारांबाहेर न्यायालय स्वतःच्या अधिकारात असे करू शकते का, याचे उत्तर मुंबईतल्या एका प्रकरणातून मिळाले. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू असताना एका साक्षीदाराने, आपल्या साक्षीच्या बातम्यांमुळे धंद्याचे नुकसान होते, अशी तक्रार केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नये, असा तोंडी आदेश दिला. त्याविरुद्ध नरेश श्रीधर मिरजकर हे वार्ताहर आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, न्यायदानासाठी गरज असेल तर सुनावणी इन कॅमेरा घेण्याचा आणि प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदवले. या प्रकरणात दालनाचे दार उघडेच होते. बंदी केवळ छापण्यावर होती. दार बंद करणे आणि प्रसिद्धी रोखणे हे दोन वेगळे आदेश आहेत. त्यामुळे बातमी वाचताना त्यांपैकी कोणता दिला गेला, हे पाहावे लागते.

खटला इन कॅमेरा चालला तरी निकाल गुपचूप लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९२ प्रमाणे निकाल खुल्या न्यायालयात जाहीर करायचा असतो. ओरोसच्या त्या कल्पित खटल्यातही निकालाच्या दिवशी दार उघडे असेल, वार्ताहर बाकावर परतलेले असतील आणि आरोपी दोषी ठरला की सुटला, शिक्षा किती झाली, हे सर्वांना ऐकता येईल. निकालपत्रात मात्र त्या मुलीच्या नावाच्या जागी ‘पीडिता’ असे लिहिलेले असेल.