१८२८, १८२८... आणि पुढे?

कॅल्क्युलेटरवर e ची किंमत २.७१८२८१८२८ अशी दिसते. १८२८ दोनदा आले म्हटल्यावर हा आवर्ती दशांशच असणार, असे वाटून जाते. खरेच १८२८ कायम फिरत राहिले असते, तर e म्हणजे २७१८०१/९९९९० हा साधा अपूर्णांक ठरला असता. पण पुढचे अंक ४५९०४५ असे आहेत. (या दोन १८२८ मध्ये दैवी संकेत शोधणारेही भेटतात, त्यांनी हे पुढचे अंक बघितलेले नसतात.)

अर्थात नुसते अंक बघून काही सिद्ध होत नाही. आवर्तन हजार अंकांनंतरही सुरू होऊ शकते. e अपरिमेय असल्याचे ऑयलरने १७३७ मध्ये वेगळ्या वाटेने दाखवले होते. मला आवडते ती फूर्येची नंतरची युक्ती. तिची सुरुवात या श्रेणीपासून होते:

e = १ + १/१! + १/२! + १/३! + …

समजा, e हा छेद ७ असलेला अपूर्णांक आहे, म्हणजे e = p/७. दोन्ही बाजूंना ७! ने, म्हणजे ५०४० ने गुणू. डावीकडे ५०४०e आणि उजवीकडे ७२०p, म्हणजे पूर्णांक. आता श्रेणीकडे बघा. १/७! पर्यंतच्या प्रत्येक पदाचा छेद ५०४० ला निःशेष भागतो, म्हणून ती पदे ५०४०, ५०४०, २५२०, ८४०, २१०, ४२, ७, १ अशी होतात. बेरीज १३७००. उरते ते शेपूट:

१/८ + १/(८×९) + १/(८×९×१०) + …

हे शेपूट किती मोठे असेल? ९, १०, ११ यांच्या जागी सगळीकडे ८ लिहिले तर छेद लहान होतात आणि बेरीज वाढते. ती वाढलेली बेरीज म्हणजे १/८ + १/८² + १/८³ + … ही भूमितीय श्रेणी, आणि तिची बेरीज बरोबर १/७. म्हणजे खरे शेपूट शून्याहून मोठे, पण १/७ हून लहान (प्रत्यक्षात सुमारे ०.१४०४). मग ५०४०e ही संख्या १३७०० आणि १३७०१ यांच्या मध्ये अडकली. ती पूर्णांक असणे शक्यच नाही, म्हणून छेद ७ बाद.

यात ७ चे विशेष काही नाही. कोणताही छेद q घ्या आणि q! ने गुणा. १/q! पर्यंतच्या पदांची बेरीज पूर्णांक, शेपूट मात्र ० आणि १/q यांच्या मध्ये. q = १ असला तरी शेपूट १ च्या आतच राहते. त्यामुळे एकही छेद चालत नाही.

पदे झपाट्याने लहान होतात एवढ्यानेच हे जमते, असे मात्र समजू नका. १/२ + १/४ + १/८ + … घ्या. nव्या पदानंतर तोडून २ⁿ ने गुणले, की शेपूट १/२ + १/४ + … म्हणजे पूर्ण १ येते, एकाच्या आत नाही. तिथे विरोधाभास निघत नाही, आणि निघू नयेच, कारण त्या श्रेणीची बेरीजच १ आहे.