आधी तोंड हालस, मंग आवाज येस

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही अजून ठणठणीत आहे. नानांना मात्र ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवावा लागायचा की शेजारच्या घरात मालिका कळायची. म्हणून टीव्हीच्या मागच्या लाल-पांढऱ्या आउटपुटला ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडला आणि नानांच्या कानाला हेडफोन लावला. दहा मिनिटांत ते म्हणाले, "आधी तोंड हालस, मंग आवाज येस."

त्यांचं खरं होतं. हेडफोन मोबाइलच्या माइकजवळ धरला, टीव्हीवर कुणी टाळी वाजवताना व्हिडिओ काढला आणि तो एडिटिंगच्या ॲपमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिला. हात जुळले त्यानंतर सात फ्रेमनी आवाज. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर हा उशीर साधारण 230 मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. शेतात सत्तर-ऐंशी मीटरवर कुणी कुऱ्हाड मारत असेल तर घाव आधी दिसतो आणि ठोका मागून ऐकू येतो, तेवढाच हा फरक. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 125 मिलिसेकंदांनी मागे पडला की माणसाला ते जाणवू लागतं.

हाच हेडफोन मोबाइलला लावला तर ओठ आणि आवाज जुळतात. याचं कारण मोबाइलमध्ये आहे. हेडफोनला किती वेळ लागतो याचा अंदाज फोनला असतो, त्यामुळे व्हिडिओचं ॲप चित्रच तेवढं थांबवून दाखवतं. आमच्या टीव्हीला चित्र साठवून ठेवता येत नाही, आलं की ते पडद्यावर. काही सेट-टॉप बॉक्समध्ये आवाज मागे-पुढे करण्याची सोय असते, पण ती बहुधा आवाज आणखी मागे ढकलण्यापुरतीच. इथे आवाज आधीच मागे पडलेला, त्यामुळे तिचा उपयोग नाही.

हा वेळ हवेत जात नाही. रेडिओ लहरी खोलीचं अंतर क्षणात पार करतात. ट्रान्समीटर आवाजाचे तुकडे करून ते आक्रसतो, हेडफोन ते उलगडतो, आणि उलगडण्याआधी काही तुकडे शिलकीत ठेवतो. सगळ्यात जास्त वेळ खाते ती ही शिल्लक, म्हणजे बफर. ती उगाच ठेवलेली नसते. एखादा तुकडा वाटेत खराब झाला तर हेडफोनकडून पोच येत नाही आणि ट्रान्समीटर तो पुन्हा पाठवतो. तोवर कानात शिलकीतला आवाज वाजत राहतो, म्हणून आपल्याला काही कळत नाही.

लो लेटन्सी म्हणजे कमी उशिराच्या मोडमध्ये ही शिल्लक अगदी थोडी ठेवतात. ॲप्टएक्स लो लेटन्सी या पद्धतीत एकूण उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण ती पद्धत ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांनाही यावी लागते. एकाला येत नसेल तर जोडी मुकाट्याने ब्लूटूथच्या साध्या एसबीसी पद्धतीवर उतरते. आमचं तेच झालं होतं, खोक्यावर लो लेटन्सी छापलेलं होतं ते फक्त ट्रान्समीटरच्या. त्याच पद्धतीचा हेडफोन आणल्यावर फरक एक-दोन फ्रेमवर आला.

मग दुसरं दुखणं सुरू झालं. आवाज तुटू लागला, आणि तोही दुपारीच. टीव्ही आणि नानांची खाट यांत जेमतेम चार मीटर अंतर. ब्लूटूथचा पल्ला दहा मीटर सांगतात, पण तो मोकळ्या जागेतला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर ओढून खाटेसमोर आणतात. पत्र्याचं अंग, आत पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना ओली जाळी. पत्रा या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. कूलर बाजूला सरकवला की आवाज सलग, परत आणला की तुटक. उशिराच्या जुन्या मोडमध्येही तुकडे वाया जातच असणार, पण शिल्लक भरपूर असल्यामुळे ते पुन्हा मागवायला वेळ मिळायचा. आता तो उरला नव्हता.

उन्हाळ्यात नानांना कूलर बंद करा म्हणणं मला पटत नव्हतं. दीड मीटरची ऑडिओ वायर आणली आणि टीव्हीमागे दडलेला ट्रान्समीटर वर भिंतीतल्या फळीवर ठेवला, खाटेवरून दिसेल असा. वायरमुळे उशीर वाढत नाही. टीव्हीला यूएसबी नाही, म्हणून ट्रान्समीटरला वीज मोबाइलच्या चार्जरची. लहरींना कूलरच्या वरून सरळ वाट मिळाली आणि तुटणं थांबलं.

संध्याकाळी खाट अंगणात जाते. मध्ये धाब्याच्या घराची दोन फुटी मातीची भिंत येते आणि लो लेटन्सीत पुन्हा तुकडे पडतात. तिथून पडदा दिसतच नाही, नुसत्या बातम्या आणि कीर्तन ऐकायचं असतं. म्हणून खाट उचलताना नाना ट्रान्समीटरचं बटण साध्या मोडवर करतात, आणि सकाळी चहा झाल्यावर परत लो लेटन्सीवर.