परिचर्या व्यवसायाची कायदेशीर बाजू (भारत)

रुग्णाच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार परिचारिकेला कुठून मिळतो, तो कुठे संपतो आणि तिच्या हातून चूक झाली तर जबाब कोणी द्यायचा, या प्रश्नांची भारतीय कायद्यातील उत्तरे या नोंदीत आहेत. पुस्तकांत संमती, निष्काळजीपणा आणि कार्यकक्षा ही तीन वेगळी प्रकरणे असतात. वॉर्डात मात्र ती एकाच प्रसंगात एकमेकांत गुंतलेली सापडतात, म्हणून येथे ती न्यायालयात गाजलेल्या खटल्यांच्या आधारे पाहिली आहेत.

निष्काळजीपणा समजून घ्यायला स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. डिसेंबर १९९३ मध्ये नोएडातील या खासगी रुग्णालयात विषमज्वर झालेल्या एका लहान मुलाला दाखल केले होते. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक लिहून दिले. परिचारिकेने ते क्लोरोक्वीन असे वाचले आणि मुलाच्या वडिलांना ‘लॅरिॲगो’ हे इंजेक्शन आणायला सांगितले. लॅरिॲगो म्हणजे क्लोरोक्वीन, हिवतापावरचे औषध. वडिलांनी ते आणले, परिचारिकेने ते शिरेतून दिले आणि मूल तिथेच कोसळले. क्लोरोक्वीन शिरेतून झटकन गेले तर रक्तदाब एकाएकी उतरतो आणि हृदय थांबू शकते. मुलाचे हृदय पुन्हा सुरू झाले, पण तोवर मेंदूला कायमची इजा झाली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी पाच लाख रुपये भरपाई ठरवली. मार्च १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

निष्काळजीपणा सिद्ध करायला चार गोष्टी दाखवाव्या लागतात : काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले गेले, इजा झाली आणि ती इजा त्या मोडण्यामुळेच झाली. येथे पहिली आणि तिसरी गोष्ट उघडच होती. चौथीबाबतही फारशी शंका नव्हती, कारण इंजेक्शन आणि कोसळणे यांत काही क्षणांचेच अंतर होते. खरा अभ्यास दुसऱ्या गोष्टीचा आहे. नाव वाचताना शंका येण्याजोगे साम्य होते, तर लिहिणाऱ्यालाच विचारायला हवे होते. विषमज्वराच्या रुग्णाला हिवतापाचे औषध का, हा प्रश्न रोगाचे निदान वाचले असते तर पडला असता. कुपीवरचे नाव केसपेपरवरच्या नावाशी ताडून पाहिले असते, तर चूक सुई टोचण्याआधीच सापडली असती. या तिन्ही जागी थांबता येत होते. कर्तव्यभंग म्हणजे नेमके हेच : सावध परिचारिका जिथे थांबली असती, तिथे न थांबणे.

या निकालात दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारलेला नाही, आणि मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंजेक्शन स्वतः न देता तिच्यावर सोपवणाऱ्या निवासी डॉक्टरलाही दोष लागला. ती परिचारिका पात्र नव्हती आणि रुग्णालयाने तिला कामावर ठेवले होते. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व लावून रुग्णालयाला भरपाई द्यायला लावली. मात्र यावरून ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले’ हा बचाव पुरेसा आहे असा अर्थ काढू नये. रुग्णालय जबाबदार ठरले तरी परिचारिकेची स्वतःची जबाबदारी पुसली जात नाही. परिचर्या परिषदेतील तिची नोंदणीही धोक्यात येऊ शकते.

वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असेही नाही. १९५७ च्या इंग्लंडमधील बोलम खटल्याची कसोटी आपल्या न्यायालयांनी स्वीकारली आहे. त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कौशल्याची व्यक्ती जसे वागेल, तसे वागणे पुरेसे आहे. सर्वोत्कृष्ट असण्याची सक्ती नाही. ॲलर्जीबद्दल विचारून, ते नोंदवून, नेमून दिलेले औषध योग्य मात्रेत दिले आणि तरीही रिॲक्शन आली, तर तो दुर्दैवी प्रसंग आहे, गुन्हा नाही. रिॲक्शन आल्यावर औषध थांबवायला आणि डॉक्टरांना बोलवायला उशीर झाला, तर मात्र त्या उशिराचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

फौजदारी जबाबदारीसाठी उंबरठा आणखी उंच आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तीला फौजदारीत दोषी धरायचे तर निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय गंभीर असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू झाले, आणि त्यातला एक बारकावा परिचारिकांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असे घडले तर ती दोन वर्षांपर्यंतच आहे. पण या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीतील नाव यांना बांधलेली आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. एकाच खाटेशी एकाच प्रसंगात डॉक्टर आणि परिचारिका दोघेही चुकले, तर शब्दशः वाचता डॉक्टरला दोन वर्षांची आणि परिचारिकेला पाच वर्षांची कमाल मर्यादा लागते. हा भेद मला न्याय्य वाटत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोघांनाही दोन वर्षांचीच मर्यादा होती.

संमतीबाबतचा मुख्य निकाल समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (जानेवारी २००८) हा आहे. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री मासिक पाळीतील दीर्घ रक्तस्रावासाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीतून तपासणी आणि गरज पडल्यास मर्यादित शस्त्रक्रिया यासाठी तिने सही केली होती. भूल दिलेली असताना डॉक्टरांना गर्भाशय काढणे योग्य वाटले. सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बाहेर बसलेल्या आईची सही घेतली, आणि गर्भाशयासह दोन्ही अंडाशय काढले. न्यायालयाने ती सही निरर्थक ठरवली. रुग्ण सज्ञान होती, सक्षम होती, केवळ भुलीमुळे तात्पुरती बेशुद्ध होती आणि जीव वाचवण्याची निकड नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते. ‘तिच्या भल्यासाठीच केले’ हे उत्तर चालले नाही. डॉक्टरांना फी नाकारली गेली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली.

या निकालानुसार रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे सांगावे लागते. अगदी दुर्मीळ धोक्यांची यादी वाचून दाखवण्याची गरज नाही. शस्त्रक्रियेबाबत हे सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे. आपल्याकडे मात्र ऑपरेशनच्या आदल्या रात्री छापील फॉर्म घेऊन सिस्टरच खाटेपाशी जातात, आणि घोळ तिथे सुरू होतो. साक्षीदार म्हणून परिचारिका सही करते तेव्हा ती एवढेच सांगत असते की ही सही याच व्यक्तीने, शुद्धीत आणि स्वखुशीने केली. समजावून सांगितल्याची हमी ती देत नाही. रुग्णाने सही करता करता “सिस्टर, पिशवी काढणार नाहीत ना?” असे विचारले, तर समजावणे पोहोचलेले नाही हे कळण्याची तीच खूण आहे. अशा वेळी धीर देऊन सही घेणे ही चूक ठरते. फॉर्म बाजूला ठेवायचा, डॉक्टरांना बोलवायचे आणि केसपेपरवर वेळेसह लिहायचे : ‘रात्री ८.२०. रुग्णास शस्त्रक्रियेबाबत शंका. डॉक्टरांना कळवले. सही घेतलेली नाही.’ गुंगी आणणारे पूर्वऔषध दिल्यानंतर घेतलेली सही न्यायालयात टिकणे कठीण, म्हणून सही आधी आणि इंजेक्शन नंतर, हा क्रम मोडू नये.

लघवीची नळी घालणे, एनिमा, रक्त काढणे ही परिचारिकेची स्वतःची कामे. यांसाठी छापील फॉर्म लागत नाही, पण काय करणार ते सांगून होकार मिळवण्याचे काम तिचेच असते. हात पुढे करणे हा होकार आहे. सज्ञान रुग्ण ‘नको’ म्हणाला तर हात धरून टोचणे हा बळाचा वापर ठरू शकतो, मग औषध कितीही आवश्यक असो. नकार, त्याचे कारण आणि कोणाला कळवले, हे नोंदवायचे. एचआयव्ही चाचणीसाठी तर २०१७ च्या कायद्याने माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली आहे.

कार्यकक्षेचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण परिचारिकेने काय करावे आणि काय करू नये याची एकसंध यादी कायद्यात नाही. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आणि महाराष्ट्रातील १९६६ चा परिचारिका कायदा यांचा भर शिक्षण आणि नोंदणीवर आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. व्यवहारात कक्षा ठरते ती शिक्षणक्रम, नोंदणीचा प्रकार, सरकारी मार्गदर्शिका आणि रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती यांच्या मिळून. डॉक्टरांच्या तोंडी सूचनेने ही कक्षा वाढत नाही. फोनवर आलेली सूचना घ्यावीच लागली तर औषध, मात्रा आणि मार्ग परत वाचून दाखवावा, वेळ आणि नाव लिहावे, आणि डॉक्टरांची सही नंतर घ्यावी.

मार्गदर्शिकेने कक्षा कशी रुंदावते आणि तिथेच कशी थांबते, हे उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या उदाहरणावरून दिसते. एरवी औषध ठरवून देणे तिच्या कक्षेत येत नाही. पण गरोदर बाईला उच्च रक्तदाबासह झटके येऊ लागले, तर केंद्र सरकारच्या प्रसूतिसेवा मार्गदर्शिकेनुसार डॉक्टरांची वाट न पाहता ती मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊ शकते : पन्नास टक्के द्रावणातील एकूण १० ग्रॅम, ५ ग्रॅम एका कुल्ल्यात खोल स्नायूत आणि ५ ग्रॅम दुसऱ्यात. ही मुभा तेवढ्यापुरतीच आहे. शिरेतून देणे किंवा दुसरी मात्रा देणे तिच्या कक्षेबाहेर जाते. पहिली मात्रा न देता नुसते गाडीत बसवून दिले, तर प्रशिक्षण असूनही कर्तव्य टाळल्याचा ठपका येऊ शकतो. मात्रा दिल्यावर संदर्भचिठ्ठीवर औषध, ग्रॅम आणि घड्याळातली वेळ लिहावी लागते, कारण पुढच्या रुग्णालयात गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल, श्वास आणि लघवी तपासून पुढची मात्रा ठरते, आणि पहिली कधी दिली हे कळण्यासाठी त्यांच्या हाती तीच चिठ्ठी असते.