कापलेला चेहरा फाइलमध्ये उरतो तेव्हा

मावसबहिणीने तिच्या सहा वर्षांच्या मुलाचा फोटो पाठवला. कोपराच्या घडीत लाल चट्टे उठले होते. "तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचार ना." फोटोत चट्ट्यांइतकाच ठळक त्याचा चेहरा होता आणि गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव. चेहरा आणि शाळा एकत्र आले की हा मुलगा रोज कुठे सापडेल, ते कुणालाही कळतं. चट्टे बघायला यातलं काहीच लागत नाही.

फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांचा होता. मी कोपराभोवतीचा 1200 बाय 900 चा तुकडा ठेवला. नव्वद टक्के फोटो गेला, पण चट्ट्यांचा एकही ठिपका कमी झाला नाही. कडेची थोडी निरोगी त्वचा मुद्दाम राहू दिली, कारण लाली किती आहे ते तिच्याशी ताडूनच कळतं.

पण कापलेलं खरंच जातं का? जेपेग फाइलच्या सुरुवातीला कॅमेरा बहुधा फोटोची एक चिमुकली प्रत ठेवतो, साधारण 160 बाय 120 ची. काही अ‍ॅप मोठं चित्र कापतात आणि ही प्रत तशीच सोडतात. तिच्यात चेहऱ्याने पाव रुंदी व्यापली असेल तर त्याला 40 ठिपके मिळतात. शाळेचं नाव वाचता येणार नाही, पण ओळखीचा माणूस पोराला ओळखेल.

2023 मध्ये याहून मोठी चूक उघड झाली. गूगलच्या पिक्सेल फोनवरचं मार्कअप साधन कापलेलं चित्र जुन्या फाइलवरच लिहायचं आणि उरलेलं शेपूट पुसायचंच नाही. जुन्या कॅसेटवर छोटं गाणं रेकॉर्ड केलं की पुढे आधीचं गाणं ऐकू येतं, तसंच. त्या शेपटातून कापलेल्या भागाचा बराचसा अंश परत मिळवता येत होता. विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्येही हाच दोष सापडला. दोन्हीकडे तो दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्या फाइली काही बदलल्या नाहीत.

म्हणून मी आता सरळ फोटो बोटांनी मोठा करतो. पडद्यावर फक्त कोपर उरलं की स्क्रीनशॉट काढतो आणि तो न कापता पाठवतो. पडद्यावर जे नाही ते स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. फक्त वरच्या पट्टीत कुणाचा निरोप डोकावत नाही ना, तेवढं बघायचं. कापूनच पाठवायचं असेल तर फाइलचा आकार पाहावा. चित्र अकराव्या हिश्शाएवढं उरलं आणि फाइल जवळपास पूर्वीएवढीच जड असेल, तर आत काहीतरी राहिलंय.

नाव नुसतं धूसर करण्यावर माझा भरवसा नाही. परिसरात शाळा असून असून किती असणार? एकेकीचं नाव त्याच अक्षरांत लिहून तसंच धूसर करायचं आणि कोणतं जुळतं ते बघायचं. चेहऱ्याचीही तीच गत. 2007 मध्ये इंटरपोलने एका संशयिताचा असाच चेहरा प्रसिद्ध केला. त्याने तो भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता आणि जर्मन पोलिसांनी तो उलटा फिरवून सरळ केला होता.