कविता का नाही आली?

बाई विचारतात, "काय रे बंड्या, कविता का नाही आली?" आणि बंड्या म्हणतो, "बाई, तिला ताप आलाय."

आठ-दहा वर्षांचं पोर यावर खदाखदा हसतं. पाच-सहा वर्षांचं पण हसतं, पण ते वेगळ्याच गोष्टीला हसत असतं, आणि हा फरक थॉमस शुल्ट्झ आणि फ्रान्सिस होरिबे यांनी १९७४ साली फार छान पद्धतीने दाखवला. त्यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांना एकाच जोकची तीन रूपं ऐकवली. आपल्या जोकवर तेच करून बघू. पहिलं रूप वरचं, जसंच्या तसं. दुसऱ्यात विसंगती काढून टाकायची, म्हणजे बंड्या म्हणणार "बाई, पाठ करायला वेळच नाही मिळाला". तिसऱ्यात विसंगती ठेवायची पण तिचा उलगडा काढायचा, बाई विचारणार "पाढे का नाही आले?" आणि बंड्या तरीही म्हणणार "तिला ताप आलाय".

सहा वर्षांच्या मुलांना पहिलं आणि तिसरं जवळपास सारखंच मजेशीर वाटलं. काहीतरी विचित्र झालं, बस, तेवढ्यावर ती खूश. आठ आणि त्यापुढची मुलं मात्र पहिल्यालाच जास्त हसली, कारण त्यांना ते विचित्र उत्तर एका दुसऱ्या अर्थाने बरोबर बसतंय हे कळत होतं.

आता हा दुसरा अर्थ सापडायला एवढा उशीर का लागतो? डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये मोठ्या माणसांवर केलेला प्रयोग इथे कामाला येतो. दोन अर्थांचा शब्द कानावर पडला की आधीचं वाक्य कितीही स्पष्ट असू दे, क्षणभर दोन्ही अर्थ मेंदूत जागे होतात, आणि पुढची दोन-तीन अक्षरं ऐकेपर्यंत नको तो अर्थ गळून पडतो. बोलणं समजायला हे गळणं गरजेचंच आहे, पण कोटी समजायची तर गळालेला अर्थ परत उचलून आणावा लागतो, 'कविता' ही मुलगी आणि 'येणं' म्हणजे शाळेत येणं असं दोन्ही एकदम बदलावं लागतं, तेही पहिला अर्थ न सोडता, कारण बाईंनी काय विचारलं होतं ते विसरलं तर गंमत संपली. म्हणजे भाषा नुसती वापरून भागत नाही, शब्दाकडे शब्द म्हणून बघता यावं लागतं.

हिंदीत हा जोक चालतो, कारण तिथेही कविता 'येते'. इंग्रजीत कविता कुणाला 'येत' नाही, त्यामुळे तिथे तो मरतो. परदेशात वाढलेलं मराठी मूल रोजचं बोलणं अगदी नीट बोलत असलं तरी इथे अडकू शकतं, 'येणं'चा एकच अर्थ त्याच्या तोंडी बसलेला असेल तर.

मूल हसलं म्हणजे त्याला कळलं असं अजिबात धरू नका, ते आजूबाजूचे हसले म्हणूनही हसतं. त्याला तोच जोक दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावा. न कळलेलं मूल हमखास म्हणतं, "बाई, मला ताप आला होता," आणि पोट धरून हसतं.