रॉयल्टी करारातील करकपातीचे कलम: ट्रीटीचा कमी दर लावण्यापूर्वी

परदेशी कंपनीशी झालेल्या रॉयल्टी कराराचा अनुवाद हातात आला की आधी ‘करार’ हा शब्द कुठे कुठे आला आहे ते पाहा. मराठीत दोन कंपन्यांचा तो करार आणि दोन देशांनी दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी केलेला तोही करारच. ‘करारातील दराने कर कापावा’ असे वाक्य असेल, तर कोणत्या करारातील? दुसऱ्यासाठी सगळीकडे ‘ट्रीटी’ हाच शब्द ठेवून घ्या. कानाला खटकला तरी चालेल, घोळ होणार नाही.

ट्रीटीचा दर आपोआप लागत नाही. साधारणपणे पैसे घेणारी कंपनी दुसऱ्या देशाची कर-रहिवासी असावी लागते आणि रॉयल्टीची खरी लाभधारकही तीच असावी लागते. पैसे घेऊन ते जसेच्या तसे पुढे देण्यास बांधलेली मध्यस्थ कंपनी लाभधारक ठरत नाही. म्हणून अनुवादात नुसते ‘प्राप्तकर्ता’ लिहिले असेल, तर मूळ मजकूर पुन्हा वाचा. त्या कंपनीचे तुमच्या देशात कायम आस्थापन, म्हणजे व्यवसायाचे कायमचे ठिकाण, असेल आणि रॉयल्टी त्याच्याशी निगडित असेल, तर हा कमी दर सहसा मिळत नाही.

कागदपत्रांत पैसे घेणाऱ्या कंपनीच्या देशातील कर खात्याने दिलेला रहिवास दाखला, लाभधारक असल्याचे आणि कायम आस्थापन नसल्याचे घोषणापत्र, आणि तुमच्या कर खात्याचा विहित नमुना असल्यास तो, एवढे लागते. दाखल्यावरचा कालावधी रक्कम देण्याच्या तारखेला लागू आहे ना, हे तपासाच. गेल्या वर्षीचा दाखला जोडला जाणे ही नेहमीची चूक आहे.

सर्वाधिक पैसा अडकतो तो ग्रॉस-अपच्या, म्हणजे कराइतकी रक्कम वाढवून देण्याच्या, वाक्यात. ‘कर वजा जाता १०,००,००० मिळतील’ म्हणजे कर तुमच्या खिशातून. ट्रीटीचा दर १० टक्के धरा. तेव्हा एकूण रक्कम १०,००,००० ला ०.९० ने भागून ११,११,१११ येते, कर १,११,१११. अनेकजण सरळ १० टक्के वाढवून ११,००,००० धरतात. त्यावर कर कापला की समोरच्याला ९,९०,००० च मिळतात. आता दाखला आलाच नाही आणि देशातला २० टक्के दर लागला, तर रक्कम १२,५०,००० होते, कर २,५०,०००. कागद त्यांनी दिला नाही, पण १,३८,८८९ चा जादा भार तुमच्यावर.

म्हणून कलमात एक वाक्य हवेच, त्यातला परवानाधारक म्हणजे पैसे देणारे तुम्ही: ‘रक्कम देय होण्यापूर्वी परवानाधारकास वैध रहिवास दाखला व घोषणापत्र न मिळाल्यास, ट्रीटीच्या दरापेक्षा जास्त कापलेल्या करावर ग्रॉस-अप लागू होणार नाही.’

दाखला उशिरा आला, तर जास्त कापलेला कर परत मिळण्याचा अर्ज बहुधा पैसे घेणाऱ्या कंपनीलाच मुदतीत करावा लागतो. भार तुम्ही उचलला असेल, तर परतावा तुमच्याकडे वळता करण्याचे बंधन मूळ भाषेतील मजकुरातही घालून घ्या. वाद झाल्यास कोणत्या भाषेतील प्रत ग्राह्य धरायची, हे बहुतेक करारांत वेगळ्या कलमात ठरलेले असते आणि ती प्रत मराठी असेलच असे नाही.