रेषा नसलेल्या खातेउताऱ्यात नावे आणि जमा वेगळे कसे ओळखतो

निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे आमचे बरेच ग्राहक पतसंस्थेचा खातेउतारा पीडीएफमध्ये पाठवतात आणि एक्सेलमध्ये करून मागतात. अशा उताऱ्यात बहुधा एकही रेघ नसते. आपल्या डोळ्यांना रकाने दिसतात. संगणकाच्या हाती मात्र सुटे शब्द आणि प्रत्येक शब्दाची जागा एवढंच येतं. जागा पॉइंटमध्ये मोजतात, 72 पॉइंटांचा एक इंच.

खरी अडचण रिकाम्या घराची. समजा, एका ओळीत तारीख, ‘ऊस बिल’, 18,450.00 आणि 30,750.00 एवढंच आहे. ओळ नुसती तोडली तर तिसरा तुकडा तिसऱ्या रकान्यात, म्हणजे नावेमध्ये जाऊन बसतो. पैसे आले होते, हिशेबात ते गेले!

म्हणून आम्ही आधी पानावरच्या सगळ्या ओळींची सावली एकाच आडव्या पट्टीवर पाडतो. जिथे सावली पडत नाही, ती रकान्यांमधली गल्ली. दहा पॉइंटच्या अक्षरात दोन शब्दांमधली जागा तीनेक पॉइंट असते, गल्ली त्याहून बरीच रुंद. पानभर पसरलेलं शीर्षक किंवा लांबलेला तपशील गल्ली बुजवतो. त्यामुळे शीर्षक बाजूला ठेवतो आणि एखाददुसरी ओळ आडवी आली तरी गल्ली मोडत नाही.

मग आकड्यांची उजवी कड पाहतो, कारण रकमा उजवीकडे जुळवून छापतात. वरच्या उताऱ्यात 18,450.00 हा आकडा 357 वर सुरू होऊन 402 वर संपतो. त्याच पानावरचा दुसरा, 950.00, सुरू होतो 371 वर, पण संपतो 402 वरच. दोन्ही जमा. 600.00 संपतो 310 वर, तो नावे. सुरुवात पाहिली असती तर एकाच रकान्याचे दोन झाले असते.

शेवटी ताळा: मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे. 12,300 मध्ये 18,450 मिळवले की 30,750 येतात, छापील शिल्लकही तीच. जिथे ताळा जुळत नाही, ती ओळ आमचा माणूस मूळ पानाशी ताडून पाहतो.

मथळा कन्नडमध्ये, तपशील मराठीत असला तरी इथे अडत नाही. पाहायची असते ती जागा, अक्षर नव्हे. जुन्या फॉन्टमुळे तपशील वाचता येत नसला तरी रकाने बरोबर पडतात. मजकूर मात्र वेगळा दुरुस्त करावा लागतो.

मोबाइलवर काढलेल्या फोटोत शब्दांच्या जागा नसतात, त्या आधी अंदाजाने काढाव्या लागतात. कागद एक अंश जरी तिरका असला तरी 500 पॉइंट रुंदीत ओळीचं दुसरं टोक जवळजवळ नऊ पॉइंट वरखाली होतं, आणि ओळींमधलं अंतरच बारा पॉइंटांचं असतं. मग एका तारखेसमोर शेजारच्या ओळीची रक्कम येते. तेव्हा संस्थेकडून मूळ पीडीएफच मागून घ्या. ती मिळत नसेल तर कागद सपाट ठेवून स्कॅनरवर स्कॅन करून पाठवा.